९०९ या आकड्याची उलटतपासणी : पानथरी मोजून अन्ननलिकेतल्या शिरा कळतात का?

पीएचडीच्या मुलाखतीची किंवा रिसर्च प्रपोजलची तयारी करणाऱ्यांना एक काम हमखास मिळतं : 'हा पेपर घ्या आणि त्यावर टीका लिहा.' मग आपण शेवटच्या परिच्छेदात 'सँपल लहान होतं, अभ्यास एकाच केंद्रात झाला' असं लिहून मोकळे होतो. या दोन गोष्टी जवळपास प्रत्येक पेपरबद्दल खऱ्या असतात, त्यामुळे त्यातून त्या पेपरबद्दल काहीच कळत नाही. आज एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी जरा नीट करून बघू. विषय आहे यकृताची सोनोग्राफी, आणि त्यातून निघालेला ९०९ हा आकडा.

(एक खुलासा : मी डॉक्टर नाही. माझं पदव्युत्तर शिक्षण भौतिकशास्त्रात झालंय आणि संशोधन अल्ट्रासाउंड सिग्नलवर चाललंय. त्यामुळे हा लेख कुणाच्या रिपोर्टचा अर्थ लावण्यासाठी वापरू नका.)

आधी प्रश्न काय होता?

सिरोसिसमध्ये यकृतात चट्टे पडतात, मधूनमधून गाठी तयार होतात आणि यकृतातून वाहणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. आतड्यांकडून आणि पानथरीकडून, म्हणजे प्लीहेकडून, येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून यकृतात शिरतं. पुढे वाट अडली की या शिरेतला दाब वाढतो. यालाच पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. मग रक्त आडवाटा शोधतं. त्यातली सगळ्यात धोक्याची आडवाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकातल्या शिरांमधून जाते. या शिरा फुगतात, त्यांना व्हेरायसेस म्हणतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते आणि जीव जाऊ शकतो.

व्हेरायसेस आहेत का, हे बघायचा खात्रीचा मार्ग म्हणजे एंडोस्कोपी. पण सिरोसिसच्या प्रत्येक रुग्णाला ठरावीक काळाने नळी घालून तपासायचं, तर खर्च आणि त्रास दोन्ही होतो, आणि अनेकांच्यात शेवटी काहीच सापडत नाही. म्हणून प्रश्न असा होता : साध्या तपासण्यांवरून काही रुग्णांची एंडोस्कोपी टाळता येईल का?

इटलीतल्या जियानिनी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली 'गट' या नियतकालिकात एक अगदी सोपं गुणोत्तर मांडलं. प्लेटलेटची संख्या (दर मायक्रोलिटरमध्ये) भागिले सोनोग्राफीत मोजलेली पानथरीची लांबी (मिलीमीटरमध्ये). उत्तर ९०९ पेक्षा जास्त आलं, तर व्हेरायसेस नाहीत असं समजायचं. पहिल्या १४५ रुग्णांमध्ये हा उंबरठा ठरवला आणि नंतर वेगळ्या १२१ रुग्णांमध्ये तपासला. उंबरठ्याच्या वर असलेल्यांत व्हेरायसेस नसण्याची खात्री १०० टक्के, असा दावा होता.

पेपरचं श्रेय आधी देऊ या. उंबरठा ज्या रुग्णांवरून काढला त्यांच्यावरच तपासून ते थांबले नाहीत, दुसरा गट घेतला. आजही कितीतरी पेपर एवढं करत नाहीत. कल्पनेमागे शरीरक्रियेचा आधारही आहे. पोर्टल दाब वाढला की पानथरी तुंबून मोठी होते आणि मोठी पानथरी प्लेटलेट अडकवून ठेवते. म्हणजे अंश घटतो, छेद वाढतो, गुणोत्तर दोन्हीकडून खाली येतं.

आता उलटतपासणी.

पहिला मुद्दा : छेद नक्की किती पक्का आहे?

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. ५२ वर्षांचे गृहस्थ, सिरोसिस माहीत आहे, पोटात पाणी नाही. प्लेटलेट १,२०,००० आणि पानथरी १३० मिलीमीटर. १,२०,००० भागिले १३० म्हणजे ९२३. उंबरठ्याच्या वर, म्हणून एंडोस्कोपी नको.

त्याच दिवशी शेजारच्या खोलीत दुसऱ्या सोनोलॉजिस्टने पानथरी १३५ मिलीमीटर मोजली. आता उत्तर येतं ८८९. म्हणजे एंडोस्कोपी करा. रुग्ण तोच, पानथरी तीच, फरक फक्त पाच मिलीमीटरचा.

पाच मिलीमीटरचा फरक पडतो कसा, ते समजून घ्या, कारण पेपरात 'लांबी मोजली' असं एकच वाक्य असतं. पानथरी डाव्या बरगड्यांच्या आड असते. प्रोब दोन बरगड्यांच्या फटीत तिरका धरावा लागतो. रुग्णाने खोल श्वास घेतला की पानथरी खाली येते खरी, पण वरून फुप्फुसही खाली सरकतं आणि त्यातल्या हवेमुळे पानथरीचं वरचं टोक झाकलं जातं. मग दिसेल तिथपर्यंत मोजलं जातं आणि लांबी कमी भरते. दुसरं असं, की पानथरीला वक्र आकार असतो. दोन्ही टोकं आणि मध्ये रक्तवाहिन्या शिरतात ती खाच, हे सगळं एकाच प्रतलात आलं तरच ती खरी लांबी. प्रतल थोडं फिरलं तर तुम्ही काकडी आडवी कापताय की तिरकी, तेवढा फरक पडतो. आणि या दोन्ही चुका बहुधा एकाच दिशेच्या असतात, लांबी कमी दाखवण्याच्या. लांबी कमी म्हणजे गुणोत्तर जास्त, आणि गुणोत्तर जास्त म्हणजे 'व्हेरायसेस नाहीत'. थोडक्यात, घाईत केलेली सोनोग्राफी रुग्णाला खोटा दिलासा देण्याकडे झुकते.

आता छेदाकडे गणिताच्या नजरेने बघा. सिरोसिसच्या रुग्णांमध्ये प्लेटलेट ५०,००० पासून २,५०,००० पर्यंत कुठेही असू शकतात, म्हणजे पाचपट पसारा. पानथरीची लांबी साधारण ११० ते १८० मिलीमीटर धरली, तर पसारा दीडपटीच्या थोडा वर. मग गुणोत्तर वरखाली होतं ते मुख्यतः कुणामुळे? प्लेटलेटमुळे. पानथरी सगळ्या दिशांनी १० टक्के वाढली तर तिचं आकारमान ३३ टक्के वाढतं, पण छेदात फक्त १० टक्केच दिसतात. पानथरी गुणोत्तरात आहे, पण तिचं म्हणणं दबलेलं आहे.

म्हणून या पेपरला विचारायचा पहिला खरा प्रश्न असा : नुसत्या प्लेटलेटवरून जेवढं कळलं असतं, त्यापेक्षा सोनोग्राफीने किती जास्त कळलं? हे दाखवायला दोन्ही निकष त्याच रुग्णांवर शेजारी शेजारी ठेवून किती जणांचा निर्णय बदलला आणि त्यातले किती निर्णय बरोबर दिशेने बदलले, ते मोजावं लागतं. 'गुणोत्तर चांगलं चालतं' एवढ्याने पानथरीची उपयुक्तता सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा : गुणोत्तर लावण्याआधीचं दार

९०९ हा आकडा सिरोसिस असलेल्या रुग्णांवरून काढला आहे. म्हणजे आधी सिरोसिस आहे हे ठरायला हवं. आपल्याकडे अनेकदा तेही सोनोग्राफीवरूनच ठरतं : यकृताची कड खडबडीत, गाठीगाठींची दिसते, म्हणून सिरोसिस. हे दार किती भरवशाचं आहे?

इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं. मऊ पेशींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. पोटाच्या नेहमीच्या ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबमध्ये तरंगलांबी ०.४४ मिलीमीटर येते, १० मेगाहर्ट्झच्या सपाट लिनियर प्रोबमध्ये ०.१५ मिलीमीटर. सिरोसिसच्या एका प्रकारात गाठी ३ मिलीमीटरपेक्षा लहान असतात. त्यांच्यामुळे कडेवर येणारे उंचवटे त्याहून बारीक. साध्या प्रोबमध्ये ते पुसट होऊन कड गुळगुळीत दिसू शकते.

मग सरळ १० मेगाहर्ट्झच का वापरू नये? कारण ध्वनी विरतो. ढोबळ हिशेब असा की दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल. ३ सेंटीमीटर खोलीपर्यंत जाऊन परत यायचं तर १० मेगाहर्ट्झला ३० डेसिबलचं नुकसान, ते यंत्र सहज भरून काढतं. १५ सेंटीमीटर खोलीला तेच नुकसान १५० डेसिबल होतं, म्हणजे परत काहीच येत नाही. म्हणून ही खूण बघायची जागा ठरलेली आहे : यकृताच्या डाव्या भागाचा पुढचा पृष्ठभाग, जो त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर असतो. तिथे लिनियर प्रोब ठेवला की यकृताच्या आवरणाची पांढरी रेघ सलग आहे की तुटक, लहरी, हे दिसतं. रिपोर्टमध्ये 'कड अनियमित' लिहिलंय, पण कोणत्या प्रोबने आणि कुठे बघितलं ते नाही, तर ती खूण तुलनेच्या कामाची नाही. पेपर वाचताना 'पद्धती' विभागात हे दोन तपशील शोधाच.

आणि दार फक्त एका बाजूने गळत नाही. स्तनाचा कर्करोग यकृतात पसरलेला असेल आणि केमोथेरपी चालू असेल, तर सिरोसिस नसतानाही कड गाठीगाठींची दिसू शकते.

उलट बाजू भारतात जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडे सिरोसिस नसलेलं पोर्टल हायपरटेन्शन बऱ्यापैकी दिसतं. एक प्रकार म्हणजे यकृताच्या आत पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्या जाड होऊन बुजतात. तो बहुधा तरुण माणसांत आढळतो. दुसरा प्रकार मुलांमध्ये दिसतो, पोर्टल व्हेन यकृताबाहेरच बंद झालेली असते आणि सोनोग्राफीत तिच्या जागी बारीक वाहिन्यांचं जाळं दिसतं. दोन्हीत पानथरी प्रचंड वाढते, पण यकृताची कड बहुधा गुळगुळीत असते आणि यकृताचं काम बऱ्यापैकी शाबूत असतं.

अशा तरुण रुग्णाची पानथरी १९० मिलीमीटर आणि प्लेटलेट ७०,००० असतील, तर गुणोत्तर ३६८. आकडा म्हणेल व्हेरायसेस असण्याची शक्यता आहे, आणि ते बहुधा बरोबरच निघेल! पण त्यावरून कुणी 'म्हणजे सिरोसिस' म्हणालं तर ते साफ चूक. आता दुसरा रुग्ण घ्या : रक्तपेशी फुटण्याचा जुना आनुवंशिक आजार, पानथरी १६० मिलीमीटर, प्लेटलेट १,४०,०००. गुणोत्तर ८७५, पण पोर्टल दाब अगदी नॉर्मल असू शकतो. पानथरी फक्त एवढंच सांगते की ती मोठी आहे. ती का मोठी झाली, हे तिला विचारून कळत नाही. पावसाळ्यात डेंग्यू झालेल्या माणसाच्या प्लेटलेट आठवडाभरात कोसळतात, तेव्हा तर पानथरी फारशी न बदलताच गुणोत्तर खाली जातं.

म्हणून ९०९ ची शर्त अशी वाचा : 'सिरोसिस दुसऱ्या मार्गाने ठरलेला असेल, आणि प्लेटलेट-पानथरी बिघडवणारं दुसरं काही चालू नसेल, तर.' पेपरच्या सारांशात ही शर्त एका शब्दात येते. आपण नेमका तोच शब्द वगळून आकडा पाठ करतो.

तिसरा मुद्दा : पाणी, आणि १०० टक्क्यांचं काय होतं

आता पोटातलं पाणी, म्हणजे जलोदर. ही खूण सोनोग्राफी फार चांगली पकडते. हाताने तपासून कळायला लिटर-दीड लिटर पाणी लागतं. सोनोग्राफीत यकृत आणि उजवी किडनी यांच्यामधल्या खाचेत किंवा ओटीपोटात १०० मिलीलिटरच्या आसपासही दिसतं. पण पाणी दिसलं म्हणजे ते पोर्टल दाबामुळेच आलं असं नाही. आपल्याकडे पोटाचा टीबी हा मोठा पर्याय आहे. तिथे निर्णय सुई घालून काढलेल्या पाण्यावर होतो : रक्तातलं अल्ब्युमिन वजा पाण्यातलं अल्ब्युमिन. २.८ वजा ०.९ म्हणजे १.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर. हा फरक १.१ किंवा त्याहून जास्त असेल तर कारण पोर्टल दाब. टीबीत मात्र ३.२ वजा २.५, म्हणजे ०.७ असं काहीतरी येतं. दोन्ही नमुने एकाच दिवशी घेतलेले हवेत, नाहीतर वजाबाकीला अर्थ नाही.

आपल्या पेपरच्या दृष्टीने मात्र पाण्याचं महत्त्व वेगळं आहे. पाणी झालं म्हणजे आजार पुढच्या टप्प्यात गेला. अशा रुग्णांमध्ये व्हेरायसेस असण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि त्यांची एंडोस्कोपी तशीही टाळण्यासारखी नसते. एंडोस्कोपी टाळण्याचा प्रश्न ज्यांच्यासाठी खरा आहे, ते म्हणजे पाणी नसलेले, बाहेरून ठीक दिसणारे रुग्ण. म्हणून गटात दोन्ही प्रकारचे रुग्ण एकत्र असतील तर आकडे कुणासाठी आहेत हेच कळत नाही.

हे आकड्यांत बघा. समजा एखाद्या तपासणीत व्हेरायसेस असलेल्या १०० पैकी ९० पकडले जातात आणि नसलेल्या १०० पैकी ७५ बरोबर सोडले जातात. (हे आकडे मी हिशेबासाठी धरलेत.) १००० रुग्णांपैकी ६०० जणांना व्हेरायसेस असतील, तर ६० जण निसटतील आणि ३०० जण बरोबर सोडले जातील. 'काही नाही' असं सांगितलेल्या ३६० जणांपैकी ६० चूक, म्हणजे खात्री ८३ टक्के. तीच तपासणी २०० जणांनाच व्हेरायसेस असलेल्या गटात लावा : निसटले २०, बरोबर सोडले ६००, खात्री ९७ टक्के. तपासणी तसूभरही सुधारली नाही, फक्त गट बदलला.

आता मूळ पेपरकडे या. पहिल्या गटात ६१ टक्के रुग्णांना व्हेरायसेस होते, आणि तरी खात्री १०० टक्के निघाली. एवढ्या जास्त प्रमाणात अशी खात्री मिळणं खरोखर कौतुकाचं आहे. पण शंभरच्या भोवती किती धुकं आहे तेही मोजायला हवं. 'शून्य चुका' दिसल्या की एक सोपा नियम लावा : ३ भागिले रुग्णसंख्या. समजा उंबरठ्याच्या वर ५० रुग्ण होते आणि त्यातल्या एकालाही व्हेरायसेस नव्हते, तर खरं चुकीचं प्रमाण ३/५०, म्हणजे ६ टक्क्यांपर्यंत असू शकतं. शून्य दिसणं आणि शून्य असणं यात एवढं अंतर आहे. पुढे इतर ठिकाणी झालेल्या अभ्यासांत ती शंभर टक्के खात्री टिकली नाही, यात म्हणूनच आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

सोनोग्राफीच्या खुणांवरच्या अभ्यासांत असाच आणखी एक सापळा असतो. पोटात पाणी असेल तर यकृताची खडबडीत कड त्या काळ्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर छान उठून दिसते. म्हणजे पाणी झालेले रुग्ण जास्त घेतले की 'कडेवरून सिरोसिस ओळखता येतो' हा निकाल आपोआप चांगला येतो. पण कड बघून निदान करायची खरी गरज पाणी नसलेल्यांमध्ये असते.

मग आकडा टाकून द्यायचा का?

नाही. पुढे काय झालं ते बघा. २०१५ च्या बाव्हेनो परिषदेने एंडोस्कोपी टाळण्यासाठी सुचवलेल्या निकषात यकृताचा ताठरपणा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट १,५०,००० च्या वर, एवढंच आहे. प्लेटलेट राहिल्या, पानथरीची लांबी नाही. छेदाबद्दलची शंका आठवा. आणि २०२१ च्या परिषदेपर्यंत प्रश्नच सरकला : फक्त व्हेरायसेस शोधण्याऐवजी, धोक्याइतका पोर्टल दाब आहे का हे ओळखून औषध आधीच सुरू करायचं. पण ताठरपणा मोजायचं यंत्र तालुक्याच्या गावी सहसा नसतं, सोनोग्राफी असते. त्यामुळे 'पानथरीवरून किती कळतं' हा प्रश्न आपल्यासाठी अजून संपलेला नाही.

यावर प्रपोजल लिहायचं तर मी चार गोष्टी मागेन. फक्त पाणी नसलेले रुग्ण. सिरोसिस ठरवायचा मार्ग सोनोग्राफीपेक्षा वेगळा. प्रत्येक पानथरी दोन जणांनी, एकमेकांचा आकडा न बघता मोजलेली, आणि वरचं टोक दिसलं नाही तर तशी स्पष्ट नोंद. आणि नुसत्या प्लेटलेटशी थेट तुलना. यातल्या तिसऱ्या अटीला खर्च जवळजवळ काहीच नाही, रुग्णामागे पाच मिनिटं जास्त. आमचे ते ५२ वर्षांचे गृहस्थ ९२३ च्या बाजूचे की ८८९ च्या, हे त्या पाच मिनिटांशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी एखादा उंबरठा वाचलात, तर तो ओलांडायला किती मिलीमीटर पुरतात ते आधी काढून बघा. इथे मूळ १३० वर तीन मिलीमीटर पुरले : १,२०,००० भागिले १३३, उत्तर ९०२.